छत्री जागेवर आहे, पण चित्र कुठे गेलं?

फोटोचं चित्र करून देणाऱ्या साधनांचं आश्वासन साधारण एकच असतं: रचना तुमची, शैली आमची. फोटोतली माणसं, झाडं, डोंगर आपापल्या जागी राहतील आणि सगळं जलरंगात, वारली चित्रात किंवा तुम्ही म्हणाल त्या रूपात समोर येईल. या आश्वासनामागे बऱ्याचदा एक करडी, धुरकट प्रतिमा काम करत असते. तिला डेप्थ मॅप म्हणतात. ती कशी बनते, काय लक्षात ठेवते आणि काय विसरते, हे कळलं की 'रचना तीच' हा दावा किती खरा आहे ते आपलं आपल्याला तपासता येतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. डेप्थ मॅप वस्तूंच्या जागा उत्तम जपतो. पण वस्तूंच्या जागा म्हणजे अख्खी रचना नव्हे. आणि ज्या जागा तो जपतो, त्या कॅमेऱ्याच्या एका डोळ्याने पाहिलेल्या जागा असतात. त्यामुळे काही शैलींमध्ये तो फार सुंदर काम करतो, आणि काही शैलींना तो नुसता कपडा करून फोटोच्या अंगावर चढवतो.

एका नॉबची अडचण

डेप्थ मॅपच्या आधी काय व्हायचं ते बघू. स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल निव्वळ नॉइजपासून, म्हणजे टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तशा ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि पायरीपायरीने ते ठिपके साफ करत चित्र काढतं. फोटोचं चित्र करायचं असेल तर साधी युक्ती अशी, की कोऱ्या नॉइजऐवजी तुमच्या फोटोवरच थोडा नॉइज टाकायचा आणि तिथून साफसफाई सुरू करायची. किती नॉइज टाकायचा हे एका आकड्याने ठरतं. त्याला स्ट्रेंग्थ म्हणतात आणि तो ० ते १ असतो.

इथे पेच येतो. स्ट्रेंग्थ ०.३ ठेवली तर फोटो जवळजवळ तसाच राहतो, वर फिल्टर लावल्यासारखा पोत तेवढा येतो. ०.८ केली तर शैली खऱ्या अर्थाने येते, पण माणूस उजवीकडे सरकतो, झाड नाहीसं होतं आणि घाटाचा भलताच डोंगर होतो. शैली बदलणं आणि मांडणी टिकवणं ही दोन कामं एकाच नॉबला बांधलेली. एक वाढवलं की दुसरं घटतंच.

२०२३च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ल्वमिन झांग आणि सहकाऱ्यांनी कंट्रोलनेट प्रसिद्ध केलं, तेव्हा ही गाठ सुटली. कल्पना अशी: मूळ मॉडेलला हात लावायचा नाही. त्याच्या अर्ध्या भागाची एक प्रत शेजारी ठेवायची आणि त्या प्रतीला वेगळी सूचना वाचायला शिकवायची. ही सूचना कडांची असू शकते, माणसाच्या सांगाड्याची असू शकते किंवा डेप्थ मॅपची. आता मॉडेल कोऱ्या नॉइजपासून सुरुवात करतं, म्हणजे रंग-पोत-शैलीच्या बाबतीत पूर्ण मोकळं असतं, आणि शेजारची प्रत त्याला दर पायरीला सांगत राहते: इथे काहीतरी जवळ आहे, तिथे काहीतरी लांब.

करड्या रंगात मोजलेलं अंतर

डेप्थ मॅप ही कृष्णधवल प्रतिमा असते. जो बिंदू लेन्सच्या जवळ तो पांढरा, जो लांब तो काळा, मधलं सगळं करडं. रंग नाही, ऊन नाही, सावली नाही, चेहऱ्यावरचे भाव नाहीत. फक्त अंतर.

पण एका साध्या फोटोवरून अंतर कळतं कसं? मोबाईलच्या एका फोटोत अंतराचं माप कुठेच नोंदलेलं नसतं. ते मॉडेलला अंदाजाने काढावं लागतं, आणि अंदाज करायला शिकवण्यासाठी ढीगभर उदाहरणं लागतात. २०१९ साली आलेल्या मिडास या मॉडेलच्या कर्त्यांनी इतर साठ्यांबरोबर एक मजेशीर साठा वापरला: थ्रीडी सिनेमे. थ्रीडी सिनेमाची प्रत्येक चौकट दोनदा असते, डाव्या डोळ्यासाठी आणि उजव्या डोळ्यासाठी. एक बोट नाकासमोर धरून डोळे आलटूनपालटून मिटा. बोट उडी मारतं, मागची भिंत जेमतेम हलते. ही उडी जेवढी मोठी, तेवढी वस्तू जवळ. मिडास हेच शिकलं.

यात एक बारकावा आहे आणि पुढचा बराच घोळ त्यातून निघतो. ही उडी अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झालं की उडी निम्मी. म्हणून मिडास, आणि नंतरचं डेप्थ एनिथिंगसुद्धा, अंतर देत नाहीत. अंतराचा व्यस्त देतात. शिवाय मीटरमध्ये काही सांगत नाहीत. 'हे त्यापेक्षा जवळ' एवढंच सांगतात.

आता एक फोटो घेऊ. पावसाळ्यात माळशेज घाटात मोबाईलवर काढलेला आहे. अगदी पुढे रस्त्याकडेचा लोखंडी कठडा. त्याच्या पलीकडे, डावीकडे, मोठ्या निळ्या छत्रीखाली कणसं भाजणाऱ्या मावशी, समोर शेगडी, शेगडीचा धूर. मागे एक झाड. त्याच्या मागे डोंगरांच्या दोन ओळी, एक गडद आणि एक धुक्यात विरत चाललेली. वर पांढुरकं आकाश. खाली ओल्या डांबरावर छत्रीचं निळं प्रतिबिंब.

याचं जलरंगातलं चित्र हवं होतं, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या जुन्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांसारखं. डेप्थ मॅप काढला, स्टेबल डिफ्यूजन १.५ आणि त्याचं `control_v11f1p_sd15_depth` जोडलं, तीस पायऱ्या चालवल्या. पहिलं चित्र बघून कुणीही खूश होईल. छत्री जिथे होती तिथेच, तेवढीच. मावशी तिथेच. कठडा त्याच कोनात तिरका गेलेला. आणि सगळं खरोखर जलरंगात: ओल्यावर ओला रंग टाकल्यासारखं आकाश, कागदाचा पांढरा झिरपू दिलेला. नुसत्या स्ट्रेंग्थच्या नॉबने हे कधीच जमलं नसतं.

मग फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं आणि एकेक गोष्ट गळालेली दिसायला लागली.

डोंगर कुठे गेले?

सगळ्यात आधी डोंगर. दोन ओळींच्या जागी एकच ढगासारखी राखाडी पट्टी आली होती. पुन्हा चालवलं तर तिथे जंगल आलं. तिसऱ्यांदा कोरं आकाश. मॉडेल दरवेळी नवं काहीतरी काढत होतं. याचा अर्थ त्या भागाबद्दल डेप्थ मॅप त्याला काहीच सांगत नव्हता.

कारण साधं गणित आहे. कठडा २ मीटरवर, छत्री ४ मीटरवर, झाड २० मीटरवर, पहिली डोंगरओळ १ किलोमीटरवर आणि दुसरी ४ किलोमीटरवर आहे असं धरू. प्रत्येकाचा व्यस्त घ्यायचा आणि कठड्याला पूर्ण पांढरा, म्हणजे २५५ हा आकडा द्यायचा. छत्रीला सुमारे १२८ मिळतो. झाडाला २५च्या आसपास. पहिल्या डोंगरओळीला मिळतो अर्धा. दुसऱ्या ओळीला अर्ध्याचा पाव. आणि आकाशाला शून्य. नेहमीच्या प्रतिमेत ० ते २५५ हे पूर्णांकच साठवता येतात, अर्ध्याला जागाच नाही. सह्याद्रीच्या दोन रांगा आणि आकाश मिळून सगळा मामला एका काळ्या रंगात बुडतो. प्रत्यक्ष मॉडेलं इतक्या काटेकोर भूमितीने वागत नाहीत, पण कल हाच असतो: जवळच्या चार वस्तूंना सगळी श्रीमंती, लांबच्या जगाला काळोख.

घाटातल्या फोटोत हे फार महागात पडतं. डोंगर लांब होत गेले की फिकट होत जातात, ही त्या फोटोतली अर्धी गंमत. आपल्या डोळ्याला अंतर तिथेच जाणवतं. डेप्थ मॅपला नेमकं तिथेच ते जाणवत नाही.

यावर उपाय आहे. मॉडेलचं उत्तर प्रतिमा म्हणून साठवण्याआधी, दशांशात असतानाच, त्याचा काळा भाग ताणायचा:

```python
d = (d - d.min()) / (d.max() - d.min())
d = d ** 0.5
```

घातांक ०.५ घेतला तर मघाच्या आकड्यांत झाड ८१वर येतं, पहिली डोंगरओळ ११वर आणि दुसरी ६वर. थोडंसंच, पण आकाशापासून वेगळं. ०.३ घेतला तर डोंगर ४० आणि २६पर्यंत चढतात. पण मग ते झाडामागच्या भिंतीसारखे जवळ येऊन उभे राहतात, कारण कंट्रोलनेट शिकलं ते न ताणलेल्या मॅपवर, आणि उजळ दिसणारी गोष्ट जवळच असणार असं ते धरून चालतं. मी ०.५वर थांबले. दुसरी ओळ धुक्यामुळे मॉडेलला मुळात ओळखताच आली नव्हती; ती नुसतं ताणून येणार नव्हती. तिथे मोबाईलवरच्या चित्र काढायच्या ॲपमध्ये गडद करडा ब्रश घेऊन ओळीची वरची कड हाताने ओढली. डेप्थ मॅप ही शेवटी एक करडी प्रतिमाच. तिच्यावर हात चालवायला काहीच हरकत नाही. उलट मला वाटतं, या सगळ्या प्रक्रियेत चित्रकाराचं काम जिथे सुरू होतं ती जागा हीच.

ऊन, धूर आणि टाच

डोंगर परत आले, तरी चित्र परत आलं नव्हतं. फोटोत नजर पहिल्यांदा निळ्या छत्रीवर जाते, कारण भोवती सगळं करडं-हिरवं आहे आणि निळा तेवढा एकच. तिथून ती धुराबरोबर वर चढते, डोंगरात हरवते आणि ओल्या रस्त्यावरच्या निळ्या डागावर खाली उतरते. जलरंगातल्या चित्रात छत्री मातकट लाल झाली होती आणि झाडाखाली मिसळली होती. शेगडीचा दगड झाला होता, कारण मॅपला तो फक्त एक फुगीर आकार दिसतो. आत निखारे आहेत हे अंतरावरून कळत नाही. धूर गायब होता. धुराला मोजण्यासारखं अंतर नसतंच. रस्त्यावरचं प्रतिबिंबही गायब, कारण अंतराच्या हिशेबात रस्ता हा एक सपाट उतार आहे आणि त्यावर काय उमटलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

छत्री जागेवर होती. पण छत्री 'छत्री' म्हणून चित्रात जे करत होती, ते थांबलं होतं.

हा माझ्या साध्या फोटोचा दोष नाही, हे बघायला एक जगप्रसिद्ध फोटो घेऊ. ऑनरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली पॅरिसमध्ये सेंट लाझार स्टेशनच्या मागे काढलेला. शोधलात तर लगेच सापडेल. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय. त्याची टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एक नर्तक आकृती, तीही उडी घेतल्यासारखी. पाण्यातल्या शिडीवरून तो माणूस निसटलाय आणि टाचेखालचं पाणी अजून शांत आहे.

यातलं डेप्थ मॅपला काय पकडता येईल? माणसाचा आकार, मागचं कुंपण, लांबची धूसर इमारत. पोस्टरमधली नर्तकी भिंतीला चिकटलेली आहे, म्हणजे भिंतीइतक्याच अंतरावर. ती भिंतीत विरघळते. प्रतिबिंबाचं पाण्याहून वेगळं अंतर नाही. तेही जातं, किंवा मॉडेल फसलं तर पाण्याखाली खरंच कुणी आहे असं समजतं. आणि टाच? टाचेखालच्या फटीतून दिसणारं पाणी टाचेपेक्षा जेमतेम लांब आहे. दोन्हींचा करडा रंग जवळजवळ सारखा. वस्तू जिथे जमिनीजवळ येते तिथे डेप्थ मॅपमध्ये तिची कड नेहमीच पुसट होते, कारण पाय आणि पायाखालची जमीन एकाच अंतरावर असतात. 'टेकलेला पाय' आणि 'टेकायच्या बेतातला पाय' यांत डेप्थ मॅपला फरक करता येत नाही. त्याच मॅपमधून मॉडेल पाण्यातून चालत निघालेला माणूस काढू शकतं, आणि आपला हिशेब पूर्ण झाला असं समजू शकतं. त्या फोटोचा जीव मात्र त्या फटीत आहे.

म्हणजे एखाद्या रचनेची पकड प्रकाशात, रंगात, प्रतिबिंबात किंवा एका क्षणात असेल, तर एकटा डेप्थ मॅप ती सोडून देणार. घाटाच्या फोटोपुरता यावर एक व्यवहारी मार्ग निघतो. मघाचा जुना नॉब फेकून न देता डेप्थ मॅपच्या जोडीला घ्यायचा:

```python
out = pipe(prompt, image=photo,
           control_image=depth,
           strength=0.8,
           controlnet_conditioning_scale=0.7,
           num_inference_steps=30).images[0]
```

०.८ स्ट्रेंग्थला फोटोतले बारकावे बुडतात, पण उजेड-अंधाराचे आणि रंगाचे मोठाले डाग पुसट स्वरूपात उरतात. आता वस्तूंच्या जागा डेप्थ मॅप सांभाळतो आणि कुठे निळं, कुठे काळोख याची आठवण फोटो देतो. छत्री परत निळी झाली. रस्त्यावर निळसर ओल आली, हुबेहूब प्रतिबिंब नाही पण त्याची सूचना. धूर तीनदा चालवल्यावर एकदा आला. स्ट्रेंग्थ ०.९ केली की हे सगळं परत निघून जातं, आणि ०.६ केली की जलरंगाचं पुन्हा फिल्टर होतं. शेवटी अशा चित्रांची निवड डोळ्यानेच करावी लागते.

त्यासाठी एक चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि ती चित्रकार फार पूर्वीपासून करत आले आहेत: डोळे बारीक करून बघणं. मोबाईलवर त्याहून सोपं आहे. फोटो आणि चित्र दोन्ही गॅलरीत नखाएवढे छोटे करा. त्या आकारात वस्तू ओळखू येत नाहीत, फक्त डाग उरतात. सगळ्यात गडद डाग आणि सगळ्यात उजळ डाग दोन्हींत एकाच जागी आहेत का? नजर पहिल्यांदा जिथे जाते ती जागा तीच आहे का? तसं असेल तर रचना बऱ्यापैकी टिकली. वस्तू जागेवर असूनही डाग हलले असतील, तर जे टिकलंय त्याला सामानाची यादी म्हणता येईल.

ज्या शैलीत 'लांब' हा शब्दच नाही

आत्तापर्यंत आपण धरून चाललो होतो, की अडचण फोटोच्या बाजूची आहे: तो काय देतो आणि मॅप त्यातलं काय घेतो. पण दुसरी बाजू शैलीची आहे. जे. जे. स्कूलच्या परंपरेतलं जलरंगी निसर्गचित्र आणि कॅमेरा हे एकाच घरातले आहेत. दोन्हींत बघणारा एका जागी उभा असतो, लांबचं लहान दिसतं, रस्ता निमुळता होत जातो. म्हणून तिथे डेप्थ मॅप इतका चपखल बसला. एका भाषेतून तिच्याच बोलीत आल्यासारखं.

आता तोच घाटाचा फोटो वारलीत करून बघू. सूचनेत वारली चित्र, गेरूची जमीन, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग असं सगळं लिहिलं. चित्र आलं. पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, काटक्यांसारखे हातपाय, तपकिरी पार्श्वभूमी. फोटो टाकल्यावर 'व्वा' म्हणून प्रतिसाद मिळतील असं. पण त्यात कठडा मोठा होता आणि मागे जाताना निमुळता झाला होता. मावशी मध्यम होत्या. लांबच्या वळणावरची माणसं मुंग्यांएवढी. छत्रीखाली सावली पडली होती. वारली चित्रात सावली! पिठाचा पांढरा रंग लावलेला तो फोटोच होता.

वारली चित्राची जागेची कल्पना मुळातच वेगळी आहे. तारप्याचा नाच आठवा. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तो जगभर पोचला. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून बघितल्यासारखं गोल असतं. पण त्या वेटोळ्यातलं प्रत्येक माणूस समोरून किंवा बाजूने बघितल्यासारखं उभं असतं, आणि पुढचं माणूस मोठं, मागचं लहान असा भेद नसतो. मध्ये तारपा वाजवणारा. हे चित्र कुठे उभं राहून बघितलंय? कुठूनच नाही, किंवा एकदम सगळीकडून. त्यात 'जवळ' आणि 'लांब' यापेक्षा 'आत' आणि 'बाहेर', 'शेजारी' आणि 'मध्ये' या गोष्टी मोलाच्या आहेत. अशा चित्राचा डेप्थ मॅप काढायला गेलात तर निघणार नाही, कारण ज्या एका डोळ्यापासून अंतर मोजायचं तो डोळाच तिथे नाही.

मग कंट्रोलनेटचा जोर कमी करून बघितला. त्यासाठी दोन आकडे आहेत. एक वजन, ते ०.७वरून ०.३वर आणलं. दुसरा `control_guidance_end`, तो ०.३ ठेवला तर तीसपैकी पहिल्या नऊ पायऱ्यांपर्यंतच डेप्थ मॅपचं ऐकलं जातं, पुढे मॉडेल मोकळं. मोठी मांडणी सुरुवातीच्या पायऱ्यांतच ठरते, म्हणून ही युक्ती एरवी चांगली चालते. इथे एक तर निमुळता रस्ता तसाच राहिला, किंवा घाट, मावशी, कणसं सगळंच जाऊन कुठलंतरी सर्वसाधारण वारली खेडं आलं. मधला कुठलाही आकडा मला 'या घाटाचं वारली चित्र' देईना. आणि आता वाटतं, तो असणारही नाही. जागेबद्दलचा विचार हा कमी-जास्त करायचा नॉब नसतो. दोन्ही टोकांच्या मध्ये कितीही बारीक पायऱ्या केल्या, तरी मध्ये फक्त अर्धवट फोटो आणि अर्धवट वारली सापडते.

थोडं हाती लागलं ते डेप्थ मॅपच मोडल्यावर. मऊ उताराच्या जागी चार सपाट पायऱ्या केल्या:

```python
d = d // 64 * 85
```

(इथे `d` म्हणजे ० ते २५५ आकड्यांची प्रतिमा. तिच्यात आता चारच करडे उरतात: ०, ८५, १७० आणि २५५.) रस्त्याचा उतार गेला, त्याबरोबर त्याचं निमुळतं होणंही बरंच सैल झालं. वस्तू एकामागे एक ठेवलेल्या पुठ्ठ्यांसारख्या झाल्या. लघुचित्रासाठी ही युक्ती खरंच बरी चालते, कारण बऱ्याच लघुचित्रांत जागा अशाच एकावर एक रचलेल्या पट्ट्यांतून उभी राहते. वारलीसाठी मात्र तेवढं पुरत नाही. तिथे फोटोतून मांडणी उचलायचीच नाही, नाती उचलायची. मावशी मध्ये, शेगडी त्यांच्या हाताशी, गिऱ्हाईकं भोवती गोल, डोंगर त्या सगळ्यांना वेढून. ही यादी कागदावर लिहून त्यातून नवी मांडणी काढायची, हाताने. त्या टप्प्यावर डेप्थ मॅपची गरज संपलेली असते.

'तीच रचना' कुणाची?

'शैली' हा शब्द आपण पोत, रंग, रेषा एवढ्यापुरता वापरायला लागलो आहोत, आणि डेप्थ मॅपच्या यशाचा त्यात थोडा हात आहे. मांडणी एका फायलीत आणि शैली एका वाक्यात, अशी वाटणी झाली की दोन्ही गोष्टी मुळात सुट्याच होत्या असं वाटू लागतं. जलरंगाच्या बाबतीत ते निभावतं. वारलीच्या बाबतीत निभावत नाही, कारण वारलीत मांडणी हीच अर्धी शैली आहे. फोटोची मांडणी कायम ठेवून वारली करा म्हणणं म्हणजे अभंगाचे शब्द घेऊन ते गझलेच्या मात्रांत कोंबणं. शब्द ओळखू येतील, पण अभंग उरणार नाही.

म्हणून असं एखादं चित्र समोर आलं की मी दोन गोष्टी बघते. एक, चित्र नखाएवढं केल्यावर मूळ फोटोतली नजरेची वाट उरते का. दोन, ज्या शैलीचं नाव घेतलंय तिच्यात लांबचं माणूस लहान काढतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल आणि तरी चित्रात रस्ता क्षितिजाकडे निमुळता होत गेलेला असेल, तर ते चित्र अजून कॅमेऱ्याच्याच जागी उभं आहे. घाटाचं जलरंगी चित्र मी ठेवलंय. निळी छत्री, दोन डोंगरओळी आणि एकदाच आलेला तो धूर त्यात आहे. वारलीच्या फायली पुसल्या. त्यासाठी कागदावर काढलेली नात्यांची यादी मात्र अजून आहे, आणि त्या यादीत कठडा कुठेच नाही. फोटोतली सगळ्यात जवळची, सगळ्यात पांढरी वस्तू कठडाच होता.